केळगावी बुंदा: विचार जिभेपर्यंत पोहोचताना वाट कुठे चुकते

गेल्या दिवाळीत मिरजेहून आलेल्या माझ्या मामांना घेऊन मी बेळगावच्या खडेबाजारात गेलो होतो. मिठाईच्या दुकानात गर्दी होती, आमच्या मागे आणखी चारपाच जण उभे होते, आणि आपला नंबर येताच मामा घाईने म्हणाले, "पाव किलो केळगावी बुंदा द्या." काउंटरमागच्या मुलीने क्षणभरही न थांबता कुंदा वजनकाट्यावर ठेवला. मामांच्या लक्षात चूक आली ती पैसे देताना, आणि मग त्यांना स्वतःचेच हसू आवरेना. त्यांना पित्त झाले नव्हते, झोप कमी झाली नव्हती आणि दोन्ही शब्द त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही 'बेळगावी'तला ब आणि 'कुंदा'तला क यांनी आपापल्या जागा बदलल्या. बाकी सगळे, म्हणजे स्वर, अनुस्वार, शब्दांचा क्रम आणि वाक्याचा सूर, जागच्या जागी राहिले.

चूक इतकी नेमकी आणि इतकी नीटनेटकी का होते, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही. बोलणे म्हणजे मनातले शब्द तोंडावाटे बाहेर काढणे, एवढेच असते तर चुका कशाही झाल्या असत्या. त्या तशा होत नाहीत. म्हणूनच जीभ घसरण्याच्या चुका गोळा करून त्यांवरून बोलण्याची घडण शोधण्याचा मार्ग अभ्यासकांनी फार पूर्वी धरला. व्हिएन्नातील रुडॉल्फ मेरिंगर आणि कार्ल मायर यांनी १८९५ मध्ये अशा चुकांचा मोठा संग्रह छापला. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेतील व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी या चुका भाषेच्या नियमांना धरून असतात हे सविस्तर दाखवले. घड्याळाचे झाकण उघडता येत नसेल, तर ते कधी आणि कसे चुकते यावरून आतल्या चाकांचा अंदाज बांधावा, तशी ही रीत आहे.

आधी वाट पाहू. डच मानसभाषाशास्त्रज्ञ विलेम लेवेल्ट यांनी १९८९ मध्ये मांडलेला आराखडा आजही या विषयात पायाभूत मानला जातो. त्यानुसार पहिल्या टप्प्यात काय सांगायचे ते ठरते. तेथे अजून शब्द नसतात, केवळ आशय असतो: समोरच्या मुलीकडे मागणी करायची आहे, वस्तू अमुक आहे, प्रमाण अमुक आहे. दुसऱ्या टप्प्यात त्या आशयाला भाषेचे रूप मिळते, म्हणजे शब्द निवडले जातात, त्यांना व्याकरणाने जोडले जाते आणि मग त्यांचे ध्वनी जुळवले जातात. तिसऱ्या टप्प्यात त्या ध्वनींसाठी ओठ, जीभ, जबडा, टाळू, कंठ आणि श्वास यांच्या स्नायूंना हुकूम सुटतात आणि आवाज बाहेर पडतो. एखादे चित्र दाखवून त्याचे नाव सांगायला लावले, तर चित्र दिसल्यापासून आवाज निघेपर्यंत साधारण ६०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो, आणि हे सगळे टप्पे त्यातच उरकतात. सलग बोलताना तर आपण दर सेकंदाला दोनतीन शब्द उच्चारतो. तेव्हा एक शब्द तोंडात असतो, दुसऱ्याचे ध्वनी जुळत असतात आणि तिसऱ्याची निवड चालू असते. जीभ घसरण्याचे मूळ या एकाच वेळी चालणाऱ्या कामांत आहे.

यातील दुसऱ्या टप्प्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण तेथे एकाच शब्दाशी आपली गाठ दोनदा पडते. आधी शब्दाची ओळख सापडते: त्याचा अर्थ कोणता, तो नाम की क्रियापद, त्याचे लिंग कोणते. अभ्यासक या ओळखीला 'लेमा' म्हणतात. शब्दाचा नाद, म्हणजे त्यात कोणते ध्वनी कोणत्या क्रमाने येतात, हे त्यानंतर सापडते. एरवी या दोन गोष्टी इतक्या पाठोपाठ घडतात की आपल्याला त्या एकच वाटतात. त्या वेगळ्या आहेत हे उघड होते ते शब्द जिभेवर येऊन अडतो तेव्हा.

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाच्या वेळी आई कढईपाशी उभी राहून हात पुढे करून म्हणाली, "अगं, तो दे ना... तो गं, बुंदी पाडायचा तो..." तिला झारा हवा होता. शब्द आठवत नव्हता, पण त्याचे पुल्लिंग मात्र पक्के हाताशी होते. पळी हवी असती तर ती "ती दे" म्हणाली असती आणि उलथणे हवे असते तर "ते दे" म्हणाली असती. लिंग हे वस्तूत नसते, शब्दात असते. झाऱ्यात पुरुषासारखे आणि पळीत बाईसारखे काहीही नाही. त्यामुळे आईला शब्दाचे लिंग कळत होते याचा अर्थ तिला शब्द सापडला होता, आणि नाव उच्चारता येत नव्हते याचा अर्थ त्याचा नाद सापडला नव्हता. इटालियन भाषिकांवर १९९७ मध्ये झालेल्या प्रयोगात नेमके हेच दिसले: शब्द जिभेवर अडलेला असतानाही त्याचे लिंग माणसे निव्वळ अंदाजाने जमेल त्याहून पुष्कळ अधिक वेळा बरोबर सांगत होती. इटालियनमध्ये लिंगे दोन आहेत. आपल्याकडे तीन आहेत, त्यामुळे स्वयंपाकघरात नुसते कान देऊन बसले तरी हा पुरावा मिळतो.

शब्दाची ओळख आणि त्याचा नाद वेगवेगळ्या वेळी हाती येत असतील, तर चुकाही दोन जातींच्या असायला हव्यात. तशा त्या आहेत. मेरिल गॅरेट यांनी १९७५ मध्ये इंग्रजीतील चुकांच्या आधारे हा भेद स्पष्ट केला. अख्खे शब्द एकमेकांच्या जागी जातात तेव्हा बहुधा नामाच्या जागी नाम आणि क्रियापदाच्या जागी क्रियापद जाते, आणि ते शब्द वाक्यात एकमेकांपासून दूर असले तरी चालते. ध्वनी जागा बदलतात तेव्हा शब्दांची जात कोणती याला महत्त्व नसते, मात्र ते शब्द बहुधा शेजारी शेजारी असतात. पहिल्या जातीची चूक शब्द जोडताना होते आणि दुसऱ्या जातीची चूक ध्वनी जुळवताना होते, असा याचा अर्थ.

पहिल्या जातीचे उदाहरण मराठीत किती सुंदर उलगडते ते पाहण्यासारखे आहे. माझी काकू एकदा पाहुण्यांच्या गडबडीत मुलीला म्हणाली, "साखरेत चहा घाल." तिला म्हणायचे होते, "चहात साखर घाल." वरवर पाहता दोन नामांची अदलाबदल झाली, इतकेच. पण त्या 'साखरेत'कडे नीट पाहा. जर 'चहात' हा प्रत्ययासह तयार झालेला शब्द 'साखर'च्या जागी गेला असता, तर वाक्य झाले असते "साखर चहात घाल", आणि मराठीत शब्दक्रम लवचीक असल्यामुळे ते वाक्य बिनचूक ठरले असते. कोणाला काही घडल्याचे कळलेही नसते. तसे झाले नाही. 'त' हा प्रत्यय पहिल्या जागेवरच राहिला आणि त्याच्याआधीचे नाम तेवढे बदलले. म्हणजे वाक्यात "ज्यात घालायचे ती वस्तू" आणि "जी घालायची ती वस्तू" अशा दोन जागा आधीच आखल्या गेल्या होत्या आणि प्रत्यय शब्दाला चिकटलेला नसून जागेला चिकटलेला होता.

एवढ्यावर हे थांबत नाही. काकू "साखरत" असे म्हणाली नाही, "साखरेत" म्हणाली. 'साखर' या शब्दाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप 'साखरे' होते, आणि 'चहा'चे 'चहा'च राहते. चुकून आलेल्या शब्दालाही त्याचे योग्य सामान्यरूप मिळाले, यावरून क्रम ठरतो: आधी नामे चुकीच्या जागी बसली, त्यानंतर सामान्यरूप झाले, त्यानंतर ध्वनी जुळले. चूक वरच्या पायरीवर झाली आणि खालच्या सगळ्या पायऱ्यांनी आपले काम चोख केले. शाळेत सामान्यरूपाचे तक्ते पाठ करताना मला वाटे की हा केवळ पुस्तकातला भाग आहे. प्रत्यक्षात ही क्रिया बोलताना दर वेळी ताजी घडते, आणि चुकलेल्या वाक्यातही घडते.

आता मामांच्या कुंद्याकडे येऊ. येथे 'बेळगावी' हे विशेषण आणि 'कुंदा' हे नाम. जात वेगळी, पण शब्द शेजारी. शब्द आपापल्या जागीच आहेत, हलले ते फक्त आरंभीचे ध्वनी. आरंभीचा ध्वनी आरंभीच्याच ध्वनीच्या जागी गेला आहे, हे महत्त्वाचे. 'बे' मधला ब आणि 'कुं' मधला अनुस्वार यांची अदलाबदल झाली नाही, आणि अशी अदलाबदल जवळजवळ कधीच होत नाही. अक्षराच्या सुरुवातीची जागा, स्वराची जागा आणि शेवटच्या व्यंजनाची जागा या तीन वेगळ्या खणांसारख्या असतात, आणि ध्वनी चुकला तरी आपल्याच जातीच्या खणात पडतो. शिवाय चुकीतून निघालेला शब्द मराठी जिभेला परका नसतो. मराठी शब्द ळ ने सुरू होत नाहीत, म्हणून 'बेळ' मधला ळ उडी मारून शब्दाच्या आरंभी येऊन बसला, असे सहसा ऐकू येणार नाही.

ही अदलाबदल मुळात का होते, याचे मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण अमेरिकी संशोधक गॅरी डेल यांनी १९८६ मध्ये मांडलेले आहे. त्यांच्या मते मनातला प्रत्येक शब्द आणि प्रत्येक ध्वनी कमीअधिक जागा असतो. शब्द निवडला की तो जागेपणा त्याच्या ध्वनींकडे वाहत जातो, आणि पुढे येणाऱ्या शब्दांचे ध्वनीही अर्धवट जागे झालेले असतात, कारण त्यांची तयारी आधीच सुरू झालेली असते. रिकाम्या खणात कोणता ध्वनी भरायचा हे एकाच गोष्टीवर ठरते: त्या क्षणी त्या जातीच्या ध्वनींपैकी सर्वांत अधिक जागा कोण आहे. एकदा वापरलेला ध्वनी लगेच शांत होतो, नाहीतर आपण तोच ध्वनी पुन्हा पुन्हा म्हणत बसलो असतो.

मामांच्या बाबतीत हे पायरीपायरीने लावून पाहू. त्यांचे सगळे लक्ष कुंद्यावर होते. गावाचे नाव त्यामानाने वरवरचे होते, म्हणून 'कुंदा' आणि त्याचा क अधिकच जागे होते. 'बेळगावी'च्या पहिल्या खणात ब भरायचा त्या क्षणी क किंचित पुढे होता, म्हणून तोच भरला गेला, आणि वापरला गेल्यामुळे शांत झाला. ब मात्र अजून वापरलाच गेला नव्हता. तो जागाच होता. पुढे 'कुंदा'चा पहिला खण आला तेव्हा क थकलेला आणि ब ताजा, म्हणून ब तेथे शिरला. एक घसरण झाली की दुसरी जणू तिच्या मागोमाग येते, ती अशी. मामा पहिल्या शब्दानंतर थांबले असते, तर त्यांनी "केळगावी... बेळगावी कुंदा" असे म्हटले असते, आणि प्रत्यक्ष बोलण्यात अशा अर्ध्यावर सावरलेल्या चुका पूर्ण अदलाबदलीपेक्षा कितीतरी अधिक असतात. पुढचा ध्वनी आधी येणे ही सराईत बोलणाऱ्याची चूक आहे, कारण त्याचे मन पुढे धावत असते. लहान मुलांत आणि सराव नसलेल्या माणसांत मागचा ध्वनी रेंगाळण्याच्या चुका त्यामानाने जास्त आढळतात.

बोलण्याचा वेग वाढला की चुका वाढतात, तेही याच हिशेबात बसते. जागेपणा योग्य ध्वनीपर्यंत वाहून जायला वेळ लागतो, आणि घाईत तो वेळ मिळत नाही. ध्वनी एकमेकांसारखे असले तर ओढाताण आणखी वाढते. 'कच्चा पापड, पक्का पापड' भरभर म्हणताना पोरे 'पच्चा कापड' म्हणतात, त्यात क आणि प दोन्ही अघोष, दोन्ही स्पर्श व्यंजने, आणि पुन्हा पुन्हा आलटून पालटून येणारी.

या 'पच्चा कापड'मध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. 'कापड' हा खरा शब्द आहे. चुकीतून खरा शब्द निघत असेल तर ती चूक अधिक वेळा घडते, हे १९७५ मध्ये बार्स, मोटली आणि मॅके यांनी प्रयोगाने दाखवले. त्यांनी लोकांना आरंभीचे दोन ध्वनी एकाच क्रमाने येणाऱ्या शब्दजोड्या मनात वाचायला दिल्या आणि मग अचानक ते ध्वनी उलट क्रमाने येणारी जोडी मोठ्याने म्हणायला लावली. आरंभीचे ध्वनी बदलून जिथे खरे शब्द तयार होत होते तिथे माणसे अधिक घसरली. याची दोन कारणे सांगितली जातात आणि माझ्या मते दोन्ही खरी असावीत. एक असे की ध्वनींचा जागेपणा उलट शब्दांकडेही वाहतो, त्यामुळे ओळखीचा शब्द चुकीला आधार देतो. दुसरे असे की आपल्या आत एक पहारेकरी बोलण्याआधीच शब्द तपासत असतो, आणि शब्द ओळखीचा दिसला की तो सोडून देतो.

हा पहारेकरी कल्पनेतला नाही. काही माणसे चुकीचा शब्द पहिल्याच अक्षरावर तोडतात: "के... बेळगावी." स्वतःचा आवाज कानाने ऐकून, तो चुकला हे समजून, थांबण्याचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून हा वेळ कमी भरतो. याचा अर्थ चूक ओठांबाहेर येण्याआधीच आत पकडली गेली होती, फक्त जीभ तोवर सुटली होती. मामांच्या पहारेकऱ्याला मात्र पैसे मोजेपर्यंत वेळ लागला. गर्दी आणि घाई त्याचेही लक्ष वाटून घेतात.

या साऱ्याला एक मर्यादा आहे. चुकांचे जुने संग्रह कानाने ऐकून केलेले आहेत, आणि कान ऐकतो तेवढेच लिहिले जाते. पुढे जिभेवर बारीक संवेदक लावून तिची हालचाल मोजली गेली. 'कॉप टॉप' असे शब्द वेगाने वारंवार म्हणायला लावल्यावर दिसले की पुष्कळदा एका ध्वनीच्या जागी दुसरा येत नाही. क साठी जिभेचा मागचा भाग उचलला जातो आणि त्याच वेळी ट साठी टोकही थोडेसे वर जाते. ऐकणाऱ्याला एकच ध्वनी ऐकू येतो. तेव्हा खणात एकच ध्वनी पडतो, हे चित्र मोठ्या चुकांसाठी उपयोगी असले तरी जिभेच्या पातळीवर चुकांना पायऱ्या नसून उतार असतो.

आता आपल्या भागाचे एक प्रकरण. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात बहुतेकांच्या मनात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा एकाच वेळी जाग्या असतात. एक बोलताना दुसरी झोपत नाही, तिला दाबून ठेवावे लागते. दिवसभर कन्नड गिऱ्हाइकांशी बोललेला माणूस घरी आल्यावर "जरा अंगडीत जाऊन येतो" म्हणतो आणि तिथेच अडखळून "दुकानात" असे दुरुस्त करतो, तेव्हा काकूच्या चहाचीच गोष्ट पुन्हा घडते. वाक्याची आखणी मराठी, त्यातली जागा मराठी, तिला चिकटलेला 'त' मराठी, फक्त नाम निवडताना दुकानाऐवजी कन्नडमधली अंगडी अधिक जागी होती. कोणी हौसेने किंवा सवयीने दोन्ही भाषा मिसळून बोलतो, ती घसरण नव्हे. माणूस स्वतःच दचकून सुधारतो ती घसरण, हीच तिची खूण आहे. तसेच मूळचा कन्नडभाषी माणूस "चहा केली" म्हणतो आणि त्याला त्यात काही खटकत नाही, तेव्हा त्याची जीभ घसरलेली नसते. कन्नडमध्ये वस्तूंना असे स्त्रीलिंग-पुल्लिंग नसते, त्यामुळे त्याच्या मनात 'चहा'च्या ओळखीला ते लिंग जोडलेलेच नसते.

परक्या भाषेत बोलताना आपल्या सवयीच्या भाषेतले 'आणि', 'पण' यांसारखे छोटे शब्द सर्वांत आधी तोंडून निसटतात. डच विद्यार्थ्यांच्या इंग्रजी बोलण्याच्या अभ्यासात, नकळत आलेल्या मातृभाषेच्या शब्दांत अशा छोट्या शब्दांचे प्रमाण मोठे आढळले होते. हे शब्द दिवसातून शेकडो वेळा वापरले जातात, म्हणून ते सदैव अर्धे जागे असतात, आणि त्यांना स्वतःचा फारसा अर्थ नसल्यामुळे बोलणाऱ्याचे लक्षही त्यांच्यावर नसते.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आपल्याकडे कोणाच्या तोंडी कोणता शब्द आला यावरून माणसाचे मन वाचण्याची सवय लागली आहे. फ्रॉइड यांनी जीभ घसरण्यामागे दडपलेली इच्छा असते असे मांडले होते, आणि तो समज अजून आपल्यात घट्ट आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील गणेशोत्सवाच्या सांगतेला एका कापड व्यापाऱ्यांनी आभार मानले. त्यांचा सगळा दिवस दुकानात कन्नड बोलण्यात जातो. दहा मिनिटे स्वच्छ मराठी बोलल्यावर ते म्हणाले, "मत्ते, ज्यांनी मंडप दिला त्यांचेही आभार." 'मत्ते' म्हणजे कन्नडमध्ये 'आणखी'. मागच्या रांगेत लगेच कुजबुज सुरू झाली की हे आता तिकडचे झाले. मी पुढे बसलो होतो. 'मत्ते' म्हटल्यावर ते क्षणभर अडखळले होते आणि हलक्या आवाजात "आणखी" असेही म्हणाले होते, पण तोवर कुजबुज इतकी वाढली होती की तो शब्द मागे कोणालाच ऐकू गेला नाही.